स्लॉट-गेमचं गणित मांडायचं काम सोडावं का?

गणिती: नऊ वर्षं ऑनलाइन स्लॉट-गेमचं गणित मांडतोय. कुठलं चिन्ह किती वेळा यावं, परतावा किती टक्के असावा, हे मी ठरवतो. आता ते मनाला पटत नाही. कंपनीचे सगळे शेअर हाती यायला १४ महिने आहेत, डोक्यावर कर्ज आहे. आत्ताच सोडू की थांबू? जायचं कुठे?

रोखठोक: एवढं काय मनाला लावून घेता? परतावा ९४ टक्के, म्हणजे शंभर लावणाऱ्याचे सहाच जातात. करमणुकीला तेवढे पडतातच. तुम्ही गेलात तर दुसरा कोणी येऊन तेच गणित मांडेल.

जुना तपासनीस: मी अशा गेमच्या चाचणी प्रयोगशाळेत होतो. रोखठोक, सहा जातात ते एका वेळेला. परत आलेले कोणी खिशात टाकत नाही, पुन्हा लावतो. शंभर नाणी अशी दहा वेळा फिरवली की सरासरी ५४ उरतात.

पण गणितींना खुपतंय ते वेगळंच असावं. वीस ओळींवर वीस नाणी लावली आणि आठ परत आली, तर बारा गेली. तरी पडद्यावर दिवे लागतात, जिंकल्याचं संगीत वाजतं. अशा फेऱ्या किती ठेवायच्या हे गणितीच ठरवतो, आणि त्या वाढवल्या तरी परतावा ९४ च राहतो. कागदावर काहीच चुकीचं दिसत नाही.

गणिती, आधी करारपत्र काढा. शेअर एकदम मिळतात की हप्त्याने? नोटीस किती? प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचं कलम आहे का? मग पुढचं बघा. संभाव्यता आणि सिम्युलेशन विमा कंपन्यांना लागतं, औषधांच्या चाचण्यांनाही. विम्यात परीक्षा द्याव्या लागतात, त्यात वर्षं जातात आणि सुरुवातीला पगार कमी. चाचणी प्रयोगशाळेत लवकर घेतील, पण तिथली फी गेम कंपन्याच भरतात. मला शेवटी तेच टोचलं.

वाटसरू: मी दारूच्या जाहिरातींचं काम रागाच्या भरात सोडलं. शिल्लक तीन महिन्यांची, काम शोधायला सात महिने लागले. मिळालं तेही दारूच्याच जाहिरातींचं, कमी पगारात. गरजू माणसाला निवड करता येत नाही.

मीरा: वाटसरू, पटलं. पण थांबण्याचीही किंमत असते, ती कोणीच मोजली नाही. गणिती, १४ महिन्यांत तुमच्या हातून किती गेम बाहेर पडतील? शेअरच्या रकमेसमोर तो आकडा मांडून बघा.

गणिती: करारपत्र वाचलं. शेअर दर तिमाहीला मिळतात, पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आहे. म्हणजे १४ महिने थांबायलाच हवं असं नाही. मीरा, वर्षाला चार गेम होतात, दोन आत्ता हातात आहेत. त्यातल्या एकात त्या फेऱ्या कमी करा असं आज सांगून पाहिलं. ‘आकडे दाखवा’ म्हणाले. दाखवणार आहे.

रोखठोक: ५४ चा हिशेब मी करून पाहिला, बरोबर आहे. तरी दुसरा येईलच, हे माझं म्हणणं कायम.