मदत हवी आहे: गाडीचं आरसी हरवलंय, आधी डुप्लिकेट की आधी बँकेचा बोजा काढू?

स्वारगेटहून साताऱ्याला येताना एसटीत पाकीट गेलं, त्यात ॲक्टिव्हाचं आरसी होतं. पोलिसांच्या साइटवर गहाळ झाल्याची ऑनलाइन तक्रार केली, प्रिंट आहे, त्यात गाडी नंबर आणि चेसिस नंबर दोन्ही टाकलेत. खरा घोळ पुढे आहे, लोन दोन वर्षांपूर्वीच फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहिलं (आळस माझाच), आता डुप्लिकेटच्या फॉर्म २६ वर बँकेची सही लागते म्हणतात, आणि बोजा काढायला फॉर्म ३५ सोबत मूळ आरसी मागतात, मग करायचं काय? दोन्ही अर्ज एकत्र चालतात का? आणि ॲफिडेव्हिट नोटरीचं चालतं का, ऑनलाइन तक्रारीवर ठाण्याचा शिक्का लागतो का? नुकतंच कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.