मदत हवी आहे: चौघांचा एकच कंटेनर, खर्च सीबीएमप्रमाणे कसा वाटायचा?

फरसाणवाला_सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही चार छोटे निर्यातदार मिळून न्हावा शेवाहून जेबेल अलीला वीस फुटी कंटेनर पाठवतोय. दुबईतला घेणारा एकच आहे. सौदा सीआयएफ, म्हणजे भाडं आमच्याच गळ्यात.

माझं फरसाण १० सीबीएम म्हणजे घनमीटर, वजन २ टन. मसालेवाले ६ सीबीएम, ३ टन. पापड-कुरडयावाल्या ताई ४ सीबीएम, १ टन. चौथे दगडी खलबत्ते-पाट्यांवाले, त्यांचेही ४ सीबीएम, पण वजन ६ टन! भाडं, बंदराचे आकार, स्टफिंग असं सगळं मिळून १,५६,००० होतात. २४ ने भागलं तर ६,५०० चा दर पडतो. ताई म्हणतात, दगडवाल्यांनी माझ्याइतकेच २६,००० द्यायचे हे कुठलं गणित? काय करावं?

हिशेबी_नाना
सोपं आहे. वीस फुटी डबा ३३ सीबीएमचा असतो. ३३ ने भागा, दर ४,७२७ येतो. उगाच जास्त का भरता?

बंदर_रोड
नाना, त्या दराने २४ सीबीएमचे सव्वा लाखाच्या आतच जमतील. उरलेले चाळीसेक हजार कोण भरणार? शिपिंग लाइन पैसे अख्ख्या डब्याचे घेते. शिवाय ३३ हे आतल्या मोजमापाचं गणित. खोकी भरताना फटी राहतात, दाराशी जागा सुटते. २६-२८ बसले तर पुष्कळ. तेव्हा भागायचं भरलेल्या मालानेच.

आता ताईंचा मुद्दा. सुटा माल घेणारे कन्सोलिडेटर १ टन म्हणजे १ सीबीएम धरतात आणि दोन्हींत जो आकडा मोठा त्यावर पैसे घेतात. तसं केलं तर दगडांचे ४ ऐवजी ६ होतात, एकूण २६, दर ६,०००. दगडवाले ३६,०००, तुम्ही ६०,०००, मसाला ३६,०००, ताई २४,०००. बेरीज तीच.

पण सगळाच खर्च या दराने वाटू नका. प्रत्येकाचं शिपिंग बिल वेगळं, त्यामुळे कस्टम्सचं काम पाहणाऱ्या सीएचएची फी ज्याची त्याने द्यावी. विमा मालाच्या किमतीवर. आणि दगड लाकडी क्रेटमध्ये असतील तर त्या लाकडाची प्रक्रिया आणि आयएसपीएम १५ चा शिक्का हा दगडवाल्यांचा खर्च.

पुण्याची_माई
मी मुलीला अमेरिकेत फराळ पाठवते तेव्हा कुरिअरवाले सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी-उंची गुणून ५००० ने भागतात आणि वजन ठरवतात. चिवड्याचं खोकं हलकं असून महाग पडतं. तुम्ही तसंच करा की.

बंदर_रोड
माई, तो विमानाचा हिशेब. तिथे १ सीबीएमला २०० किलो होतात. समुद्रात १००० धरतात, म्हणून चिवड्याला इथे वजन लागतच नाही.

खलबत्ता_एक्स्पोर्ट
दगडाच्या धंद्यात मीही आहे, म्हणून बोलतो. सुट्या मालाचा नियम अख्ख्या डब्याला का लावता? १२ टन वजन वीस फुटीला काहीच नाही. दगडांच्या वजनामुळे लाइनने एक रुपया तरी जादा मागितलाय का? उलट क्रेट तळाला बसतात आणि त्यांच्यावर पापडांची खोकी रचता येतात.

बंदर_रोड
यात तथ्य आहे. लाइनने वजनाचा अधिभार लावला किंवा ट्रकवाल्याने जादा मागितले, तर तेवढा फरक दगडवाल्यांवर टाका. नाहीतर ६,५०० चा दरही चूक म्हणता येणार नाही. मात्र क्रेटचा माथा सपाट हवा. वर काही ठेवता येत नसेल तर वरची मोकळी जागाही त्यांच्याच खात्यात धरा.

@फरसाणवाला, तुमचे १० सीबीएम कोणी मोजले?

फरसाणवाला_सांगली
मीच. खोकं ५०×४०×४०, म्हणजे ०.०८. अशी १२५.

बंदर_रोड
ते रिकाम्या खोक्याचं माप. पाकिटांत नायट्रोजन असतो ना? भरल्यावर खोकं फुगतं. प्रत्येक बाजू दोनच सेंटिमीटर वाढली तरी ०.०९२ होतं आणि १२५ खोक्यांचे साडेअकरा सीबीएम. फुगवट्यावर टेप धरा, काठावर नको. मोजणी कंटेनर भरतात त्या सीएफएसमध्ये, चौघांच्या किंवा त्यांच्या माणसांच्या समोर व्हावी. आणि आधीच लिहून घ्या: सांगितलेलं आणि प्रत्यक्ष, यांत जे जास्त त्याचे पैसे. नाहीतर ऐन वेळी कोणी दोन सीबीएम कमी आणले की बाकीच्यांचा दर चढतो.

हिशेबी_नाना
आणि एकाचे कागद कस्टम्समध्ये अडकले तर?

बंदर_रोड
ज्याचे कागद, त्याने सगळ्यांचा थांबण्याचा खर्च द्यायचा. हेही लेखी. पण चौघांतले दोघे या कलमावर सही करायला कचरतात, हा अनुभव आहे.

फरसाणवाला_सांगली
आभार. एका भरलेल्या खोक्यावर टेप लावून पाहिला, ५३ भरतंय. ताईंना दोन्ही हिशेब पाठवलेत, त्या ३६,००० वरच अडून आहेत. दगडवाले म्हणतात ३०,००० च्या वर जाणार नाही. मधला आकडा कोणी कुठे वापरलाय का?