मदत हवी आहे: जुना फॅमिली फोटो किती सालचा असेल? (अर्जंट)

घारूअण्णा_सातारकर:
नमस्कार मंडळी. आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती छापायला जातेय, मजकूर शुक्रवारी प्रेसला द्यायचाय आणि एका फोटोपायी सगळं अडलंय. स्टुडिओतला ग्रुप फोटो आहे, मागे दोन पुरुष उभे, पुढे खुर्चीवर एक म्हातारी बाई, शेजारी एक तरुण बाई, पायाशी परकर पोलक्यातली मुलगी आणि एक लहान मूल. जुन्या वृत्तांतात खाली '१९०८' असं छापलंय आणि मूल म्हणजे आमचे आजोबा असं लिहिलंय, ते जमत नाहीये. फोटो स्कॅन करून खाली टाकलाय. नुसत्या कपड्यांवरून साल सांगता येतं का? प्लीज लवकर.

वडाची_पारंबी:
जमत नाहीये म्हणजे काय ते तरी सांगा. आजोबांचा जन्म कधीचा? फोटोचं माप किती? मागच्या बाजूला काय आहे? स्कॅन एवढा बारीक टाकलाय की तोंडंच दिसत नाहीत.

घारूअण्णा_सातारकर:
मागे काही नाही, कोराच आहे. आजोबा शके १८३८ माघ. माप मोजलं नाही, पोस्टकार्डाएवढा आहे.

मुळा_मुठा:
१८३८ अधिक ७८ म्हणजे १९१६. मग १९०८ चा प्रश्नच मिटला, मूल वेगळं कोणीतरी आहे.

वडाची_पारंबी:
माघ असेल तर ७९ मिळवा, इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं. म्हणजे १९१७ च्या सुरवातीला. पण एकतर मूल आजोबा नाही किंवा साल १९०८ नाही, दोन्ही शक्य आहे, एवढ्यात मिटवू नका. घारूअण्णा, मोठा स्कॅन टाका, निदान ६०० डीपीआय.

झणझणीत_मिसळ:
फोटो कलर करून घ्या, हल्ली मोबाईलवर पाच मिनिटांत होतो. माझ्या सासऱ्यांचा केला, एकदम जिवंत वाटतो.

घारूअण्णा_सातारकर:
@मिसळ, कलर नकोय, साल हवंय. मोठा स्कॅन टाकलाय. हो आणि सॉरी, मागे मधोमध एक उभी रेघ आहे आणि वर इंग्रजीत पोस्ट कार्ड छापलंय. पण लिहिलेलं काही नाही म्हणून कोरा म्हटलं.

वडाची_पारंबी:
अहो तेच तर विचारत होतो 🙂

मुळा_मुठा:
पोस्टकार्डाच्या मागे तिकिटाच्या जागी चौकट असते, तिच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणांवरून सालं सांगणारे तक्ते आहेत. चारही त्रिकोणांचं तोंड वर असेल तर १९०४ ते १८. चौकटीचा फोटो टाका, लगेच सांगतो.

वडाची_पारंबी:
ते तक्ते अमेरिकन कागदाचे आहेत मुळाभाऊ. आपल्याकडच्या स्टुडिओत बहुतेक विलायतेचा माल यायचा आणि एक गठ्ठा संपेपर्यंत तोच वापरत राहायचे, त्यामुळे तक्ता फार तर 'याच्या आधीचा नाही' एवढं सांगेल. मधली रेघही तेच सांगते. पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ ला मिळाली, तेव्हापासूनची ही रेघ. म्हणजे खालची हद्द कळली. वरची हद्द कपड्यांतून आणि माणसांतून काढावी लागेल.

चंद्रकळा_७१:
म्हातारबाईंनी काळं लुगडं नेसलंय, म्हणजे चंद्रकळा! चंद्रकळा संक्रांतीला नेसतात, तेव्हा फोटो जानेवारीतला असणार. साल माहीत नाही पण महिना मी सांगितला 😊

घारूअण्णा_सातारकर:
घरात सगळे म्हणतात की खापरपणजीला काळा रंगच आवडायचा.

ओसरी:
वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय. ते काळं लुगडं नाहीये बहुतेक. फोटो मोठा करून तरुण बाईच्या कपाळाकडे बघा, कुंकू अगदी शाईसारखं काळं आलंय. कुंकू तर लालच असणार ना. त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, लाल ते काळं पडायचं आणि निळं पांढरट व्हायचं. म्हणजे या फोटोत जे काळं आहे ते लाल असू शकतं. आता म्हातारीकडे बघा. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत गच्च ओढलेला, केसाची एक बट बाहेर नाही, कपाळ कोरं, मनगटं बोडकी, चोळीही दिसत नाही. हे तांबडं आलवण आहे. बाई विधवा आहेत. माझ्या आजीच्या सासूबाईंचा असाच फोटो आहे, आम्हीही तिला काळ्या साडीतली आजी म्हणायचो, घरातल्या थोरल्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं.

तर प्रश्न असा की त्यांचे यजमान कधी गेले?

घारूअण्णा_सातारकर:
अरे बापरे. हे लक्षातच आलं नव्हतं. खापरपणजोबा मानमोडीच्या साथीत गेले, वृत्तांतात आश्विन शके १८४० लिहिलंय. म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर. मग १९०८ गेलंच की.

मुळा_मुठा:
आणि मागच्या डावीकडच्या माणसाच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे, गांधी टोपी. असहकार १९२० चा, म्हणजे फोटो १९२० किंवा नंतरचा. माझं हे पहिल्यापासून म्हणणं होतं.

ओसरी:
नुसत्या पांढऱ्या रंगावरून नका म्हणू, निळीही पांढरी येते म्हटलं ना. पण आकार मात्र तोच आहे, दोन्ही टोकं निमुळती आणि कडेची पट्टी वर उभी दुमडलेली, शेजारच्याची काळी टोपी कशी गोल आणि भरीव आहे बघा. मी १९२० च्या अखेरपासून धरेन.

कोयनाकाठ:
एक विचारू, मूळ फोटोच आहे ना हा? आमच्याकडे पणजोबांचा फोटो कातरलेल्या कडांच्या कागदावर आहे, आम्ही १९५० च्या आसपासचा समजत होतो आणि पणजोबा त्याआधीच गेलेले, भुताचा फोटो झाला सगळा! मग कळलं की जुन्या फोटोवरून कॅमेऱ्याने परत काढलेली कॉपी आहे. ओळखायचं कसं तर फोटोत जी घडी किंवा चरा दिसतोय त्यावरून हलकं नख फिरवा. डोळ्याला दिसते पण नखाला लागत नाही अशी घडी म्हणजे ती मूळ फोटोवरची, कॉपीत नुसती छापली गेलीय.

झणझणीत_मिसळ:
नख फिरवायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, बुरशी असेल तर जाते.

ओसरी:
पाण्याने अजिबात पुसू नका! वरचा थर सरसाचा असतो, फुगतो आणि फडक्याला चिकटून सुटतो. कोरड्या मऊ ब्रशने झटका, बास.

घारूअण्णा_सातारकर:
पुसलं नाही, घाबरू नका. उजव्या कोपऱ्यात घडी आहे आणि ती नखाला लागते. आणि तिरपं धरलं की काळ्या भागात कडेला निळसर चांदीसारखी चमक येते, ते काय?

वडाची_पारंबी:
छान, मूळच आहे असं धरून चालू. ती चमक म्हणजे कागदातली चांदी वर येते, जुन्या फोटोंना होतंच. पण त्यावरून साल काढायला जाऊ नका, चाळीस वर्षांच्या फोटोलाही येते. आता वरची हद्द. पायाशी बसलेली मुलगी कोण?

घारूअण्णा_सातारकर:
आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी. लग्न वैशाख शके १८४४.

मुळा_मुठा:
म्हणजे १९२२ चा एप्रिल-मे. फोटोत मंगळसूत्र नाही, म्हणजे लग्नाआधीचा. झालं, १९२० ते २२! द्या प्रेसला.

चंद्रकळा_७१:
एवढ्या लहान मुलीचं लग्न? दहा-अकराची दिसतेय.

मुळा_मुठा:
सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, तोही चौदाचाच. त्याआधी काय विचारता. पण तेव्हा ब्रिटिशांनी...

वडाची_पारंबी:
ब्रिटिशांचा वेगळा धागा काढा बुवा. मंगळसूत्राचं मला पटत नाही. पोलक्याचा गळा गच्च बंद आहे, आत असलं तरी दिसणार नाही. घारूअण्णा, लग्नातला फोटो आहे का घरात? त्याच स्टुडिओतला?

घारूअण्णा_सातारकर:
आहे, लग्नानंतर आठवड्यात नवरानवरीला स्टुडिओत नेऊन काढलेला. हा घ्या. पडदा तोच वाटतोय, रंगवलेला कठडा आणि कुंडी.

ओसरी:
तोच आहे, कुंडीतलं डावीकडचं पान दोन्हीत सारखंच तुटकं रंगवलंय. आणि गंमत बघा. लग्नाच्या फोटोत पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकोनी ठिगळ आहे, कठड्याच्या शेवटच्या खांबावर, टाकेही दिसतात. तुमच्या ग्रुप फोटोत त्याच जागी खांब अख्खा आहे, ठिगळ नाही. पडदा आधी फाटला मग ठिगळ लागलं, उलट होणार नाही. म्हणजे ग्रुप फोटो लग्नाच्या आधीचा. हा पुरावा मंगळसूत्रापेक्षा बरा.

वडाची_पारंबी:
वा! हे मला सुचलं नसतं. गावातल्या दुसऱ्या कुणाकडे याच पडद्याचा तारीख लिहिलेला फोटो असला तर हद्द अजून आवळता येईल. तोवर १९२० ची अखेर ते १९२२ चा वैशाख.

घारूअण्णा_सातारकर:
मग मूल म्हणजे आजोबाच ना? पावणेचार ते सव्वापाच वर्षांचे. मान्य?

वडाची_पारंबी:
त्यांना धाकटा भाऊ होता का?

घारूअण्णा_सातारकर:
होता. शके १८४१ भाद्रपद. लहानपणीच गेला.

चंद्रकळा_७१:
पण मुलाने फ्रॉक घातलाय, पायात वाळे आहेत, ती मुलगी आहे!

ओसरी:
तेव्हा लहान मुलग्यांनाही फ्रॉकच घालायचे, वाळे तर सगळ्यांनाच. त्यावरून मुलगा-मुलगी ठरत नाही. धाकटा असेल तर या काळात सव्वा ते पावणेतीन वर्षांचा. घारूअण्णा, डोक्याची उंची मोजा, हनुवटीपासून टाळूपर्यंत, आणि ती पूर्ण उंचीत किती वेळा बसते ते सांगा. दोन वर्षांचं मूल साधारण पाच डोकी उंच असतं, सहा वर्षांचं सहाच्या आसपास.

घारूअण्णा_सातारकर:
मोजलं, सव्वापाच येतंय. पण डोक्यावर जरीची टोपी आहे आणि केस किती ते दिसत नाहीत. खुर्चीच्या बैठकीच्या दुप्पट उंची आहे.

मुळा_मुठा:
बैठक दीड फूट, म्हणजे मूल तीन फूट. सरळ अडीच वर्षांचं. धाकटा भाऊ.

वडाची_पारंबी:
आजच्या तक्त्याने. तेव्हाची बरीच मुलं खुरटी असायची, चारचं मूलही तीन फुटांच्या थोडंसंच वर निघू शकतं. शिवाय मूल खुर्चीच्या पुढे उभं आहे का मागे यावर दोन-तीन इंच इकडेतिकडे. आणि टोपी धरून मोजलं असेल तर डोकं मोठं आलं, म्हणजे खरी डोकी सव्वापाचापेक्षा जास्त, वय वरच्या बाजूला. माझा कल आजोबांकडे आहे, पण पैज लावणार नाही.

ओसरी:
माझा कल धाकट्याकडे. गालाचा फुगीरपणा चार वर्षांच्या मुलाचा नाही वाटत. आणि खापरपणजीने हात त्याच्या खांद्यावर नाही, काखेत घातलाय, आधाराला धरलंय. चार वर्षांच्या मुलाला असं धरत नाहीत.

कोयनाकाठ:
पण मग थोरला मुलगा फोटोत का नाही? आजारी होता का मामाकडे गेलेला?

घारूअण्णा_सातारकर:
काय माहीत. आत्याआजीची मुलगी मिरजेला असते, ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला उद्या फोन करतो. शुक्रवारपर्यंत नाही कळलं तर '१९२० ते २२, मूल: आजोबा किंवा त्यांचे धाकटे बंधू' असं छापतो, काका चिडतील पण इलाज नाही. आणि आलवणाचं तर लिहीनच. ओसरीताई, वडाची पारंबी, आभार.

चंद्रकळा_७१:
म्हणजे संक्रांत नाही का?

मुळा_मुठा:
चौकटीचा फोटो राहिला टाकायचा. त्रिकोण किती ते सांगा.