मदत हवी आहे: वजनी मीडियनमध्ये दोन हीपचा तोल कसा राखायचा?

सगळे घटक कमीत कमी +1/-1 मध्ये समान करायचे आहेत. [2, 3, 5, 9, 16] मध्ये लक्ष्य 5 धरलं तर खर्च 3+2+0+4+11 = 20, सरासरी 7 धरली तर 22. कारण सरळ आहे: लक्ष्य 5 वरून 6 वर नेलं की 2, 3, 5 या तिघांचा खर्च एकेकाने वाढतो, 9 आणि 16 चा एकेकाने घटतो. दोन्ही बाजूंची संख्या जिथे तोलते तिथेच थांबायचं.

आता प्रत्येक घटकाच्या पावलाचा दर वेगळा आहे: 1, 1, 1, 1, 5. एकूण वजन 9, निम्मं 4.5, डावीकडून बेरीज 16 वर पोचल्यावरच ते ओलांडते, म्हणून लक्ष्य 16, खर्च 45 (9 धरल्यास 52).

सरकत्या खिडकीसाठी दोन हीप ठेवलेत. जड बाजूचा वरचा घटक हलक्या बाजूला टाकायचा, हा नियम संख्येवर चालतो, वजनावर नाही: 4 विरुद्ध 5 होतं, 16 डावीकडे नेला की 9 विरुद्ध 0, मग तो परत उजवीकडे, आणि लूप संपतच नाही.

"डावी बेरीज निम्म्याइतकी किंवा जास्त, पण डावीकडचा सर्वांत मोठा घटक काढला की निम्म्यापेक्षा कमी" ही अट पुरेल का? की घटक काढून टाकणंही असल्याने फेनविक ट्रीच बरा?