मदत हवी आहे: सरासरी आयुष्य दिलंय, उत्तर १९१ की १०१ बेकरेल?

केतकी

नमस्कार. किरणोत्सारितेच्या गणितांत अडकले आहे. दोन गणितं देते, माझी रीत कुठे चुकतेय ते सांगा.

पहिलं: एका नमुन्याचं सरासरी आयुष्य ११.६ दिवस आहे. सुरुवातीची ॲक्टिव्हिटी ८०० बेकरेल. २४ दिवसांनी किती उरेल?

मी नेहमीचं सूत्र घेतलं, A = A₀ × (१/२)^(t/T). २४ ला ११.६ ने भागून २.०६९ आले, १/२ चा तेवढा घात ०.२३८, म्हणजे १९१ बेकरेल. उत्तरांच्या पानावर १०१ आहे. मैत्रिणीने e चं सूत्र वापरलं आणि तिचं बरोबर १०१ आलं. पण माझं सूत्र का चाललं नाही, हे तिलाही सांगता येत नाही.

दुसरं: १ मायक्रोग्रॅम आयोडीन-१३१, अर्धायुष्य ८.०२ दिवस, ॲक्टिव्हिटी काढा. अणूंची संख्या ४.६ × १०^१५, ही ताडून पाहिली आहे. λ = ०.६९३ / ८.०२ = ०.०८६४. गुणाकार ३.९७ × १०^१४. पुस्तकात ४.६ × १०^९ आहे. एवढी तफावत कशी?

आणि एक मुळातलीच शंका. अर्धे अणू जिथे संपतात तिथेच सरासरी यायला हवी ना? मग सरासरी आयुष्य अर्धायुष्यापेक्षा मोठं कसं?

अमेय_ज

पहिल्या गणितात थेट λ काढ. १ / ११.६ = ०.०८६२ दर दिवशी. म्हणजे रोज ८.६२ टक्के अणू कमी होतात. रोज ०.९१३८ ने गुणायचं, असं २४ दिवस. माझं उत्तर ९२ येतंय. १०१ च्या जवळपास आहे, पुस्तकात राउंडिंग केलं असणार.

भौतिकवेडा

केतकी, तुझी आकडेमोड बिनचूक आहे. फक्त १/२ च्या घातात चुकीचा काळ बसलाय. १/२ चा घात घ्यायचा असेल तर खाली अर्धायुष्यच हवं. e चा घात घ्यायचा असेल तर खाली सरासरी आयुष्य, e^(-t/τ). तू ११.६ दिवस १/२ बरोबर लावलेस, म्हणजे ११.६ दिवसांनी निम्मे उरतात असं धरलंस. प्रत्यक्षात एक सरासरी आयुष्य उलटल्यावर निम्मे उरतच नाहीत, ३६.८ टक्केच उरतात. ८०० चे २९४ होतात, ४०० नाही. तिथेच तुझी वाट आणि पुस्तकाची वाट वेगळी झाली.

दोन्ही सूत्रं खरी आहेत आणि एकच आहेत. १/२ चंच वापरायचं असेल तर आधी T = ०.६९३ × ११.६ = ८.०४ दिवस काढ. आता २४ दिवस म्हणजे जवळजवळ तीन अर्धायुष्यं: ८००, ४००, २००, १००. तीन पूर्ण व्हायला २४.१२ दिवस लागतात आणि आपण किंचित आधी थांबलोय, म्हणून उत्तर १०० पेक्षा जरासं जास्त, १०१. हा अंदाज कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधीच करून ठेव. मग १९१ आलं की लगेच खटकेल, कारण १९१ म्हणजे दोनदा निम्मं झाल्यासारखं आहे.

अमेय, तुझ्या ९२ चं खापर राउंडिंगवर फोडता येणार नाही. λ काढलास तो बरोबर, त्याचा अर्थ लावताना गडबड झाली. ०.०८६२ हा त्या क्षणीचा दर आहे. दिवसभरात अणू कमी होत जातात, तसे क्षय होणारेही कमी होत जातात. त्यामुळे पूर्ण दिवसात ८.६२ टक्के नाही, १ - e^(-०.०८६२) म्हणजे ८.२६ टक्के जातात. फरक बारीक दिसतो, पण २४ दिवस साचला की १०१ चे ९२ होतात.

हा अर्थ कुठे मोडतो ते बघायचं तर अर्धायुष्य अर्ध्या दिवसाचं घे. λ = १.३८६ दर दिवशी. मग रोज १३८ टक्के अणू जातात का? λ ला टक्केवारी म्हणून वाचायचं असेल तर निवडलेला कालावधी सरासरी आयुष्याच्या मानाने अगदी छोटा हवा. तुझ्याच गणितात तासाचा हिशेब केलास तर चालेल.

अमेय_ज

अच्छा, म्हणजे कालावधी जितका छोटा तितकं माझं उत्तर १०१ कडे सरकेल. दर तासाने करून पाहतो. पण मग चक्रवाढीने घटणाऱ्या सगळ्याच गणितांत हे लागू आहे का? तिकडे तर आम्ही सरळ टक्के वजा करतो.

भौतिकवेडा

तिकडे दरच मुळी वर्षाअखेरीस एकदा लावायचा, असं ठरलेलं असतं. अणू दिवस संपायची वाट बघत नाहीत.

केतकीचं दुसरं गणित. तुझं ३.९७ × १०^१४ हे खोटं नाही, ते दर दिवसाला होणारे क्षय आहेत. बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एक क्षय. तुझ्या उत्तराला ८६,४०० ने भाग, ४.६ × १०^९ समोर येईल. मी स्वतः आधीच सेकंद करून घेतो: ८.०२ दिवस म्हणजे ६.९३ × १०^५ सेकंद, त्यावरून λ = ०.६९३ / (६.९३ × १०^५) = १.० × १०^-६ दर सेकंदाला. आयोडीन-१३१ साठी हा आकडा इतका सुटसुटीत येतो की अणूंच्या संख्येतून सहा शून्यं काढली की ॲक्टिव्हिटी तयार.

मात्र पहिल्या गणितात दिवसांचे सेकंद करायची गरज नव्हती. घातात t / τ असं गुणोत्तर असतं, तिथे वर दिवस खाली दिवस, एकक उडून जातं. A = λN मध्ये λ चं एकक उडत नाही, ते उत्तरात उतरतं. म्हणून λ लिहिताना 'दर दिवशी' की 'दर सेकंदाला' हे शेजारी लिहायचंच. नुसतं ०.०८६४ लिहिलंस, म्हणून पुढे ते बेकरेल समजलं गेलं.

आता तुझी शंका. अर्धे अणू संपतात ती वेळ म्हणजे मधला अणू, सरासरी नव्हे. पहिल्याच गणितातले आकडे घेऊ, T ८.०४ आणि τ ११.६ दिवस. पहिल्या ८.०४ दिवसांत जो अर्धा गट जातो, त्याचं सरासरी वय ३.५६ दिवस येतं. गट सुरुवातीला भराभर गळतो म्हणून ते ८.०४ च्या निम्म्यापेक्षाही कमी आहे. उरलेल्या अर्ध्या गटाकडे बघ. अणू 'म्हातारा' होत नाही, त्याची जाण्याची शक्यता दर सेकंदाला तेवढीच राहते. म्हणून ८.०४ दिवस टिकलेल्या अणूचं पुढचं अपेक्षित आयुष्य पुन्हा पूर्ण ११.६ दिवस. त्या गटाची सरासरी झाली ८.०४ + ११.६ = १९.६४. दोन्ही गट सारखेच, म्हणून ३.५६ आणि १९.६४ यांची सरासरी काढ. ११.६ येते. खूप काळ टिकणारे मोजके अणू सरासरी वर ओढतात, मधला अणू मात्र जागचा हलत नाही.

सुलभा_कुलकर्णी

मी विज्ञानाची नाही, पण आयोडीन-१३१ वाचून थांबले. घरातल्या एकांना थायरॉइडसाठी हेच दिलं होतं. ८ दिवसांनी निम्मं होतं असं आम्ही वाचलं होतं, पण मीटरवरचा आकडा त्याच्या बराच आधी निम्म्यावर आला. मग तो आकडा सरासरी आयुष्याचा होता का?

भौतिकवेडा

सुलभाताई, नाही. सरासरी आयुष्य ८ दिवसांपेक्षा जास्त आहे, तुमचा आकडा कमी आहे, त्यामुळे तो प्रकार वेगळा. शरीरातलं आयोडीन दोन वाटांनी कमी होतं: एक अणूंचा क्षय, दुसरी मुख्यतः लघवीवाटे बाहेर जाणं. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात, म्हणून त्यांचे λ मिळवायचे. अर्धायुष्यं मिळवायची नाहीत आणि त्यांची सरासरीही काढायची नाही. समजा शरीरातून बाहेर जाण्याचं अर्धायुष्य २४ दिवस आहे, तर १/८ + १/२४ = १/६, म्हणजे एकत्रित ६ दिवस. दोन्हींपेक्षा कमीच येणार. २४ हा आकडा मी हिशेबापुरता घेतलाय, प्रत्येक रुग्णात तो वेगळा असतो. घरात किती काळजी घ्यायची, हे उपचार करणारे डॉक्टर सांगतील तेच धरा.

सुलभा_कुलकर्णी

आता कळलं. बाहेर जाण्याचा भाग आमच्या लक्षातच आला नव्हता. धन्यवाद.

केतकी

१९.६४ वालं फारच आवडलं, आता पटलं. एक गणित स्वतः करून बघते. १६ पैकी १५ भाग क्षय व्हायला किती सरासरी आयुष्यं लागतील? उरला १/१६, म्हणजे चार अर्धायुष्यं. ४ × ०.६९३ = २.७७ सरासरी आयुष्यं. बरोबर?

आणि प्रश्नात नुसतं 'आयुष्य' लिहिलं असेल तर काय धरायचं? मुक्त न्यूट्रॉनसाठी एके ठिकाणी ६१० सेकंद सापडले, दुसरीकडे ८८०.

अमेय_ज

२.७७ बरोबर. (तासाने करून पाहिलं, माझंही आता १०१ येतंय.) न्यूट्रॉनचं जुन्या पुस्तकात ६१० असेल, नव्या मोजमापात ८८० निघालं असेल.

भौतिकवेडा

जुनं-नवं असं नाही. ८८० ला ०.६९३ ने गुण, ६१० येतं. ८८० सरासरी आयुष्य आहे, ६१० अर्धायुष्य. अणुकेंद्रांच्या तक्त्यांत बहुधा अर्धायुष्य देतात, कणभौतिकीवाले सरासरी आयुष्य देतात. म्यूऑनचे २.२ मायक्रोसेकंदही सरासरीच. त्यामुळे कण असेल तर τ धर, केंद्रक असेल तर T, आणि उत्तरात 'हे गृहीत धरलं' असं एका ओळीत लिही. प्रश्न काढणाऱ्यांच्या मनात नेमकं काय होतं, हे मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही.

नव्या-जुन्याचा नसला तरी न्यूट्रॉनच्या आकड्यात खरा वाद आहे. न्यूट्रॉन साठवून ठेवून उरलेले मोजले तर सरासरी आयुष्य ८७८ सेकंदांच्या आसपास येतं. धावत्या झोतातून जाणाऱ्या न्यूट्रॉनांपासून तयार झालेले प्रोटॉन मोजले तर ८८८ च्या आसपास. साधारण १० सेकंदांची ही दरी मोजमापाच्या सांगितलेल्या त्रुटीपेक्षा मोठी आहे आणि तिचं कारण अजून सर्वमान्य झालेलं नाही. T आणि τ च्या गोंधळाने ती भरत नाही, त्या गोंधळात फरक २७० सेकंदांचा पडतो. तुझ्या गणितात यापैकी जो आकडा दिला असेल तो घे.

केतकी

गणितात ८८० दिलंय आणि पुढे 'किती वेळात निम्मे उरतील' असं विचारलंय. म्हणजे ६१० सेकंद. पुढच्या उपप्रश्नात दोन वाटांनी क्षय होणारं पोटॅशियम-४० आहे, तिथे सुलभाताईंच्या उत्तरातले λ मिळवून बघते आणि अडले तर इथेच विचारते.