मदत हवी आहे : तिकिटावरचे मैल आणि खात्यात जमा झालेले मैल यांत एवढी तफावत का?

कोथरूडकर

मी नुकताच मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे न्यूअर्कला जाऊन आलो. एजंटने दिलेल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत जाण्याचे एकूण अंतर 7,940 मैल असे स्पष्ट लिहिलेले आहे. पहिल्या विमानात आसनासमोरच्या पडद्यावर उतरताना जवळजवळ 7,000 किलोमीटर पार केल्याचे दिसत होते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त उड्डाण झाले असणार. असे असताना विमान कंपनीकडच्या माझ्या बक्षीस-मैलांच्या खात्यात जाण्याचे फक्त 3,005 मैल जमा झाले आहेत. ग्राहक सेवेला पत्र पाठवले, तर "नियमांप्रमाणे जमा केले आहेत" एवढेच उत्तर आले. उरलेले मैल मिळवण्यासाठी नेमके काय लिहावे, हे कृपया लवकर सांगावे.

खलाशीबुवा

याचे उत्तर सरळ आहे. वैमानिक सागरी मैलात मोजतात आणि तुमचा एजंट जमिनीवरच्या मैलात. एक सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, तर साधा मैल 1.609 किलोमीटरचा. त्यामुळे आकडा कमीच दिसणार. मी बरीच वर्षे व्यापारी जहाजावर काढली आहेत, आणि हा गोंधळ किनाऱ्यावरची माणसे नेहमीच करतात.

तिकीटखिडकी

खलाशीबुवा, एकक बदलल्याने 7,940 चे साधारण 6,900 होतील, 3,005 होणार नाहीत. शिवाय मैल जमा करताना बहुतेक विमान कंपन्या साधाच मैल धरतात.

कोथरूडकर, तुम्ही तीन गोष्टी सांगितलेल्या नाहीत. खाते त्याच विमान कंपनीचे आहे की दुसऱ्या एखाद्या कंपनीचे? दोन टप्प्यांचे मैल वेगवेगळे किती जमा झाले? आणि बुकिंग क्लास कोणता होता?

कोथरूडकर

क्लास इकॉनॉमी, हे वेगळे सांगायला हवे का? तिकीट एका युरोपीय कंपनीचे होते, आणि खाते तिच्याच आघाडीतल्या एका आशियाई कंपनीचे आहे. मुंबई–फ्रँकफुर्टचे 2,040 आणि फ्रँकफुर्ट–न्यूअर्कचे 965 मैल जमा झाले. एकाच तिकिटावर हे दोन टप्पे असे वेगवेगळे कसे, हेही मला कळलेले नाही.

एडिसनकर

तुम्ही सगळे जुन्या काळात आहात. हल्ली मैलांचा अंतराशी संबंधच राहिलेला नाही, तिकिटाला किती पैसे मोजले यावर मैल मिळतात. मी इथे अमेरिकेत राहतो. माझ्या एका प्रवासाचे मैल भाड्याच्या डॉलरांना पाचाने गुणून आले आणि अंतर कोणी विचारलेही नाही. त्यामुळे अंतरावरून भांडण्यात वेळ घालवू नका, तिकिटाची पावती काढा.

तिकीटखिडकी

एडिसनकर, तुमचे म्हणणे तुमच्या खात्यापुरते बरोबर आहे. डेल्टा आणि युनायटेड यांनी 2015 मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने 2016 मध्ये स्वतःच्या उड्डाणांसाठी ही पद्धत आणली, आणि नंतर इतरांनीही ती उचलली. पण तिकीट एका कंपनीचे आणि खाते तिच्या भागीदार कंपनीचे असेल, तर प्रवाशाने नेमके किती भाडे मोजले हे खाते चालवणाऱ्या कंपनीला सहसा कळवले जात नाही. तिला कळतो तो टप्पा, उड्डाण क्रमांक आणि बुकिंग क्लासचे अक्षर. म्हणून भागीदारांच्या उड्डाणांसाठी बऱ्याच ठिकाणी आजही अंतर गुणिले टक्केवारी हाच हिशेब चालतो. कोथरूडकरांचे प्रकरण त्याच जातीचे आहे, हे त्यांच्याच आकड्यांवरून दिसते.

मुंबई ते फ्रँकफुर्ट हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर सुमारे 4,080 मैल आहे, आणि फ्रँकफुर्ट ते न्यूअर्क सुमारे 3,860. बेरीज 7,940, म्हणजे एजंटचा आकडा बरोबर आहे. आता जमा झालेल्या मैलांना या अंतरांनी भागा. 2,040 भागिले 4,080 म्हणजे बरोबर 50 टक्के, आणि 965 भागिले 3,860 म्हणजे बरोबर 25 टक्के. भागाकार असा गोल टक्क्यांवर आला, की अंतराबद्दल वाद नाही आणि फरक क्लासमुळे पडला आहे, असे समजावे. तो 87 टक्क्यांच्या आसपास दोन्ही टप्प्यांना सारखाच आला असता, तर मी खलाशीबुवांच्या बाजूने उभा राहिलो असतो. फरक दहा-वीस मैलांचाच असता, तर दोन ठिकाणी अंतराचे वेगवेगळे कोष्टक वापरले आहे असे म्हणून सोडून दिले असते. तिकिटाचे अंतर पुष्कळदा शहरापासून शहरापर्यंत धरलेले असते आणि मैल विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजले जातात, त्यामुळे तेवढा फरक पडतोच.

इकॉनॉमी हे केबिनचे नाव झाले. त्या एका केबिनमध्ये भाड्यानुसार दहा-बारा अक्षरे विकली जातात, आणि शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांना एकाच उड्डाणाचे 100 आणि 25 टक्के मैल मिळू शकतात. तिकिटावर उड्डाण क्रमांकाच्या आसपास एक सुटे अक्षर असते, ते पाहून सांगा. त्याचबरोबर दुसरे विमान नेमके कोणत्या कंपनीचे होते, हेही सांगा.

सुलभा_ठाणे

काही कंपन्यांचे मैल तीन वर्षांनी बाद होतात, तेव्हा आधी ते वापरून टाका. माझ्या बहिणीचे सगळे असेच गेले. काहीच जमले नाही, तर त्यातून केबिन बदलून घ्यावी.

कोथरूडकर

सुलभाताई, माझा प्रश्न मैल वापरण्याचा नसून ते जमा होण्याचा आहे.

तिकिटावर दोन्ही टप्प्यांना K हे अक्षर आहे. दुसरे विमान एका अमेरिकन कंपनीचे होते, पण उड्डाण क्रमांक युरोपीय कंपनीचाच होता, म्हणून मी त्याचा उल्लेख केला नाही. आणि पडद्यावरच्या अंतराबद्दल कोणीच बोललेले नाही. प्रत्यक्ष उडालेले अंतर धरायला नको का?

तिकीटखिडकी

प्रत्यक्ष उडालेले अंतर कोणीही धरत नाही. वारा, वादळ, विमानतळावर घिरट्या, बंद हवाई हद्द, यांमुळे तेच उड्डाण रोज वेगळ्या वाटेने जाते, आणि मग एकाच तिकिटावर सोमवारच्या प्रवाशाला मंगळवारच्यापेक्षा जास्त मैल द्यावे लागले असते. याचे ठळक उदाहरण हेलसिंकी–टोकियो मार्गाचे आहे. 2022 च्या फेब्रुवारीअखेर रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि नऊ-साडेनऊ तासांचा तो प्रवास सुमारे 13 तासांवर गेला. विमान हजारो किलोमीटरचा वळसा घालून जाते, परंतु दोन विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर सुमारे 4,860 मैल होते आणि तेवढेच आहे, म्हणून मैलांचा पायाही तोच राहतो. तुमच्या 7,000 किलोमीटरांचेही तसेच आहे. मुंबई–फ्रँकफुर्टचे सरळ अंतर सुमारे 6,570 किलोमीटर आहे, वरचा वळसा विमानाचा.

तिकिटावरच्या अंतराचे कामही वेगळेच आहे. ई-तिकिटात भाड्याच्या हिशेबाची एक ओळ असते. कंपनीचे संकेत आणि रक्कम झाकून ती साधारण अशी दिसेल:

```
BOM XX X/FRA XX NYC M ...
```

यातला M सांगतो, की हे भाडे अंतराच्या मर्यादेत बसते. आरंभ आणि शेवट यांच्यामधल्या अंतरापेक्षा साधारण 20 टक्के जास्त फिरून जाण्याची मुभा भाड्यात असते. त्याहून जास्त फिरलात तर M ऐवजी 5M, 10M असे येते आणि भाडे तेवढ्या टक्क्यांनी वाढते. एजंटच्या संगणकात अंतर असते ते या तपासणीसाठी. तो आकडा कार्यक्रमपत्रिकेवर छापला जातो आणि प्रवाशाला वाटते, की एवढे मैल आपले झाले. खिडकीवर असताना हा वाद मी पुष्कळ वेळा ऐकला आहे.

राहिला दुसरा टप्पा. तुमचा तो टप्पा कोडशेअर होता, म्हणजे उड्डाण क्रमांक एका कंपनीचा आणि विमान दुसरीचे. तुमच्या आघाडीत सहसा विमान उडवणारी कंपनी पाहिली जाते, आणि तिच्या यादीत तुमच्या K चे रूपांतर तिच्या स्वतःच्या एखाद्या अक्षरात झालेले असते. ते अक्षर बोर्डिंग पासवर सापडेल. खात्याच्या संकेतस्थळावर त्या अमेरिकन कंपनीचे कोष्टक उघडा आणि ते अक्षर 25 टक्क्यांच्या ओळीत आहे का ते पाहा.

एडिसनकर

येथे मात्र मी असहमत आहे. माझ्या अनुभवात तिकिटावर ज्या कंपनीचा उड्डाण क्रमांक असतो, तिचेच कोष्टक लागते. विमान कोणाचे आहे याने काहीही फरक पडलेला नाही.

तिकीटखिडकी

आपला प्रवास वनवर्ल्ड या आघाडीतला असावा. तेथे सहसा क्रमांक पाहतात, स्टार अलायन्समध्ये सहसा विमान पाहतात, आणि दोन्हीकडे अपवाद आहेत. म्हणूनच मी कोष्टक पाहायला सांगितले.

कोथरूडकर

बोर्डिंग पासवर L आहे, आणि अमेरिकन कंपनीच्या कोष्टकात L समोर 25 टक्के लिहिलेले आहे. म्हणजे जाण्याचा हिशेब जुळतो, पटो वा न पटो. पण K हे अक्षर विकत घेतलेल्या माणसाला L चा दर का लावावा, हे मला अजून अन्यायाचेच वाटते.

आता परतीचे. परतीचा एकही मैल जमा झालेला नाही. न्यूअर्क–फ्रँकफुर्ट उड्डाण रद्द झाले आणि मला जेएफके–लंडन–मुंबई असे आघाडीबाहेरच्या एका कंपनीच्या विमानाने पाठवले. ते अंतर 3,450 आणि 4,480 मिळून 7,930 मैल होते. ते तरी मागता येईल का?

खलाशीबुवा

हे आधी सांगायला हवे होते! आघाडीबाहेरची कंपनी म्हणजे त्या मैलांवर पाणी सोडा.

तिकीटखिडकी

पाणी सोडण्याची घाई करू नका, परंतु 7,930 मागूही नका, कारण ज्या कंपनीने नेले तिचा तुमच्या खात्याशी करार नाही. मागायचे ते मूळ मार्गाचे मैल. उड्डाण कंपनीच्या कारणाने रद्द होऊन तिनेच दुसरीकडे बसवले असेल, तर मूळ तिकिटावरच्या मार्गाचे आणि मूळ अक्षराचे मैल द्यावेत, अशी विनंती करता येते. परतीचे दोन्ही टप्पे युरोपीय कंपनीच्याच विमानांचे आणि K मधले असतील, तर 7,940 चे 50 टक्के, म्हणजे 3,970 मैल होतात. आपण होऊन तिकीट बदलले असते, तर हा मार्ग बंद होता.

अर्जासोबत मूळ ई-तिकीट, बदललेले तिकीट, रद्द झाल्याचा संदेश आणि दोन्ही बोर्डिंग पास जोडा. बोर्डिंग पासवरचा तिकीट क्रमांक नव्या तिकिटाचा असेल, म्हणून जुना क्रमांक पत्रात वेगळा लिहा, नाहीतर संगणकाला मूळ प्रवास सापडत नाही आणि "प्रवास झालेला नाही" असे उत्तर येते. अर्जाची मुदत कंपनीगणिक वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते एक वर्ष. काही कार्यक्रम ही मागणी स्वतः मान्य करतात, तर काही उड्डाण रद्द करणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवतात, म्हणून पत्र एकाच वेळी दोघांनाही पाठवा.

कोथरूडकर

न्यूअर्क–फ्रँकफुर्टचे विमान युरोपीय कंपनीचेच होते, आणि अक्षर तेव्हाही K. पत्र आज दोन्हीकडे पाठवतो. मात्र लंडन–मुंबईचा बोर्डिंग पास मी मुंबईत उतरल्यावर टाकून दिला आहे. त्याऐवजी त्या कंपनीकडून प्रवासाचा दाखला मिळतो का, आणि तो मान्य होतो का?

एडिसनकर

मला एकदा दाखला ईमेलने मिळाला होता, पण तो मान्य व्हायला दोन-तीनदा पाठपुरावा करावा लागला. तिकीटखिडकी यांचा अनुभव काय आहे?