मदत हवी आहे: 'आता फक्त आपण दोघंच' हे मेसेजमध्ये कसं विचारू?

गोदाकाठची
मंडळी, एक मेसेज लिहायला मदत हवी आहे. मी नाशिकची, कॉलेज रोडला एका सीएंकडे नोकरी करते. पावसाळ्याच्या सुरुवातीला अ‍ॅपवर एका मुलाशी ओळख झाली. तो सातपूरला कारखान्यात आहे, शिफ्टची नोकरी. आता थंडी पडायला लागली आणि आमचं भेटणं चालूच आहे. कधी सोमेश्वर, कधी गंगापूर धरणाकडे, कधी नुसती मिसळ. मध्ये मला ताप होता तेव्हा शिफ्ट संपवून तो मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन इंदिरानगरला आला, गेटपाशी डबा दिला आणि तसाच परत गेला.

मला तो मनापासून आवडतो. आता आम्ही दोघांनीही दुसऱ्या कुणाला भेटू नये असं वाटतं, पण हा विषय कधी निघालाच नाही. समोरासमोर मला शब्द सुचत नाहीत. मेसेज हलकाफुलका हवा, पण त्याने थट्टेवारी नेऊ नये. हा कच्चा मसुदा:

"ऐक ना, आपलं नक्की काय चाललंय? 😅 तू अजून कुणाला भेटतोस का? सहज विचारतेय हं, टेन्शन नको घेऊस."

सिडकोवाले काका
ताई, मुलगा चांगला दिसतोय. मेसेज कशाला? घरच्यांना सांगा, पत्रिका बघा, दोन्हीकडची मोठी माणसं भेटू द्या.

गोदाकाठची
काका, लग्नापर्यंत आम्ही अजून आलेलो नाही. त्याच्या आधीचं विचारायचंय.

रानजाई
तुझ्या मसुद्यात प्रश्न दोन आहेत आणि तुझं स्वतःचं म्हणणं कुठेच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला चौकशी वाटते. 'तू कुणाला भेटतोस का' म्हटलं की तो आधी बचावाला उभा राहील. 'सहज विचारतेय' तर काढूनच टाक. तू सहज विचारत नाहीयेस, आणि त्या शब्दांमुळे 'अगं, मस्त चाललंय की' म्हणून विषय संपवणं सोपं होतं.

आधी तुझं सांग, मग एकच प्रश्न विचार, आणि तो असा की उत्तर हो, नाही किंवा 'वेळ दे' एवढंच येईल. हलकेपणा सुरुवातीच्या ओळीत ठेव, प्रश्नाच्या शेजारी हसरा चेहरा नको. मी असं लिहिलं असतं:

"खिचडीचा डबा अजून माझ्याकडेच आहे, परत देणार आहे 🙂 त्याआधी एक सांगायचंय. मला तू खूप आवडतोस. मी आता दुसऱ्या कुणाला भेटत नाही आणि भेटायची इच्छाही नाही. आपण दोघांनी फक्त एकमेकांनाच भेटायचं, असं तुला आवडेल का? लग्नाचं विचारत नाहीये. विचार करून शनिवारी भेटल्यावर सांगितलंस तरी चालेल."

'भेटत नाही' हे खरं असेल तरच लिही.

गोदाकाठची
अगदी खरं आहे.

पंचवटी_एक्सप्रेस
त्याला अ‍ॅप काढायला सांग आणि स्क्रीनशॉट माग. म्हणजे प्रश्नच मिटला.

रानजाई
अ‍ॅपचं बोलायला हवं, हे बरोबर. पण फोनमधून अ‍ॅप काढलं तरी प्रोफाइल तसंच राहतं आणि इतरांना दिसू शकतं. ते घालवायला सेटिंगमध्ये जाऊन अकाउंटच डिलीट करावं लागतं. म्हणून स्क्रीनशॉटने काही कळत नाही, उलट अविश्वास दिसतो. तो हो म्हणाला की भेटल्यावर दोघांनी सोबतच अकाउंट बंद करा. पहिल्या मेसेजमध्ये हे नको.

नाशिकरोडकर
माझा अनुभव सांगतो. मी असाच मेसेज रात्री साडेअकराला टाकला. तिची सकाळची शिफ्ट होती, ती झोपली होती. मी घाबरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं. सकाळी तिला फक्त मेसेज डिलीट केल्याची ओळ दिसली. काय लिहिलं होतंस, हेच ती विचारत राहिली आणि दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. माझं मत, अशा गोष्टी समोरासमोरच बोलाव्यात.

रानजाई
तुमच्या बाबतीत मला वेळ चुकलेली दिसते. लिहिलेलं असलं की समोरच्याला शांतपणे दोनदा वाचता येतं, चेहरा सांभाळावा लागत नाही. गोदाकाठची, त्याची शिफ्ट संपून तो घरी पोचला की पाठव. पाठवल्यावर मागोमाग 'वाचलंस का' नको.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी त्याची पहिली शिफ्ट आहे, संध्याकाळी पाठवते. दोन शंका आहेत. 'लग्नाचं विचारत नाहीये' वाचून मला पुढे लग्न नकोच आहे असं त्याला वाटेल का? आणि तो नुसतं 'बघू' म्हणाला तर?

सिडकोवाले काका
वाटेल. ती ओळ काढा.

रानजाई
मी 'आत्ता लग्नाचं विचारत नाहीये' असं करेन. ओळच नसेल तर काही मुलं थेट तिथपर्यंत विचार करून गप्प होतात. काकांचंही पटतं, तू त्याला जास्त ओळखतेस. 'बघू' आलं तर 'कधी बोलूया?' एवढंच विचार. त्याने दिवस सांगितला तर तो खरंच विचार करतोय. दिवसही सांगितला नाही आणि भेटणं मात्र पूर्वीसारखंच चालू ठेवायचं असेल, तर ते 'नाही'च धर, निदान तुझ्यापुरतं.